खिडकीखालची दोघं

४ जानेवारी, रविवार

धुकं इतकं की समोरची पाण्याची टाकीच दिसेना. विलास पहाटेच बस्सी स्टेशनकडे गेला, तिथल्या सिग्नलची काहीतरी तक्रार. नवरा रेल्वेचा सिग्नलवाला, धुक्याच्या दिवसांत त्याला रविवार नसतो. डबा घरीच राहिला.

अकराला एक जोडपं आलं. केतकी आणि अनिकेत. ती साताऱ्याची, तो नाशिकचा, दोघं आय.टी.त, महाल रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. परक्या मुलखात, जगतपुऱ्यात, टॅरोची पानं बघणारी बाई मराठी निघाली म्हणून दोघं खूश, आणि मी त्यांच्यापेक्षा खूश. चहा केला, चिवडा काढला, गप्पा मारल्या. हे करायचं नसतं. आधी पानं, मग गप्पा. अनिकेतने सांगून टाकलं की त्याच्या कंपनीने इथली टीम ऑक्टोबरात बंद केली, तेव्हापासून तो घरी आहे. म्हणजे पानं मांडायच्या आधीच माझ्या डोक्यात पगार.

जोडप्याची सात पानांची मांडणी. नोंद:
तो – फोर ऑफ कप्स. ती – एट ऑफ पेंटॅकल्स.
त्याला काय हवं – टू ऑफ कप्स. तिला काय हवं – टेन ऑफ पेंटॅकल्स.
दोघांच्या मध्ये – फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स.
बाहेरून – थ्री ऑफ कप्स, उलटं.
पुढची वाट – टू ऑफ स्वोर्ड्स.

मधलं पान उघडलं आणि केतकीच्या तोंडून "बाप रे" निघालं. पान आहेच तसं. बर्फ पडतोय, दोन भिकारी चाललेत, बाई पुढे अनवाणी, माणूस मागे कुबड्यांवर. वर देवळाची रंगीत काचेची खिडकी, आत दिवा. मी म्हटलं, "हा पैशाच्या ओढाताणीचा काळ आहे. तुमच्यामध्ये सध्या तेच उभं आहे. पण खिडकीत उजेड आहे, मदत जवळ आहे, तिकडे बघा."

केतकी अनिकेतला म्हणाली, "बघ, मी काय म्हणत होते?"

उलट्या थ्री ऑफ कप्सचं मी काय सांगितलं? "बाहेरच्या पार्ट्या, हॉटेलिंग, तो खर्च आवरा."

जाताना केतकीने वाकून नमस्कार केला. अनिकेतने स्कूटर काढली.

७ जानेवारी, बुधवार

केतकीचा मेसेज. "ताई थँक यू सो मच. खूप क्लिअर झालं. बेंगळुरूची पोस्टिंग घेतेय, एक वर्ष, पगार चांगला. मदत जवळ आहे म्हणालात ना, ती हीच. काल मॅनेजरला हो सांगून टाकलं."

दोनदा वाचला. मी बेंगळुरू म्हटलंच नव्हतं! मला माहीतही नव्हतं की अशी काही पोस्टिंग आहे. मी निर्णय सांगत नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळलंय. लोक ऐकतात काय नि—

"शुभेच्छा" लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते.

समीक्षाला सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलीला सांगावं का हे, पण घरात तीच होती. म्हणाली, "मतलब मम्मी, तिला जायचंच होतं आधीपासून. तुझा फक्त ठप्पा लागला."

१० जानेवारी, शनिवार

अनिकेत आला. एकटा, फोन न करता. बेल वाजली तेव्हा मी मेथी निवडत होते.

आत आला पण बसला नाही. "ताई, तुम्हाला कोणी सांगितलं की आमच्यात पैशाचा प्रश्न आहे?"

म्हटलं, पान तसं होतं.

"माझ्याकडे आठ महिने पुरतील एवढे आहेत. तिला माहितीये. पैशाची भीती मला कधीच नव्हती. ती सकाळी नऊला जाते, रात्री आठला येते, आल्यावर फोनवर असते. शनिवारी तिच्या टीमबरोबर जाते. आधी आम्ही दोघं जायचो. आता म्हणते, तुला तिथे ऑकवर्ड होईल. मला काय होईल हे तीच ठरवते. बेंगळुरूचं मला कधी कळलं माहितीये? तुम्हाला मेसेज केला ना, त्यानंतर."

मग बसला. मी पाणी दिलं. निवडलेली मेथी तशीच टेबलावर.

वही काढली, त्या दिवशी मांडणीचा घेतलेला फोटो मोबाइलवर उघडला. फोर ऑफ कप्स, त्याच्याच जागेवर: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस. थ्री ऑफ कप्स उलटं, बाहेरच्या जागेवर: तीन मैत्रिणी पेले उंचावून नाचतायत, आणि पान उलटं म्हणजे तू त्यात नाहीस. त्याला हवं काय, तर टू ऑफ कप्स, समोरासमोर. सगळं समोर होतं. आणि मी खर्च आवरा म्हणाले!

त्याला सांगितलं. "माझं चुकलं. या पानाचा दुसरा अर्थही आहे. बाहेर राहिल्यासारखं वाटणं. आत उजेड आहे, लोक आहेत, आणि आपण बाहेर बर्फात."

तो पानाच्या फोटोकडे खूप वेळ बघत होता. म्हणाला, "हेच. एक्झॅक्टली हेच."

हलका होऊन गेला. मला वाटलं, सावरलं.

११ जानेवारी, रविवार

सावरलं नाही.

सकाळी केतकीचा फोन. चिडलेली, आणि आवाज रडून बसलेला.

"ताई, तुम्ही आधी पैसा म्हणालात, म्हणून मी हो म्हणाले. आता तुम्ही त्याला सांगताय की मी त्याला बाहेर काढलं? कालपासून तो तेच म्हणतोय. ताईपण म्हणाल्या, ताईपण म्हणाल्या! माझ्या अपरोक्ष?"

"केतकी, मी असं—"

"दोघांचं रीडिंग होतं ना ते? मग एकट्याला कसं सांगितलंत?"

तिचं बरोबर आहे. जो हजर नाही त्याच्याबद्दल पानं वाचायची नाहीत, हा माझाच नियम. टॅरोच्या ऑनलाइन क्लासमध्ये नव्या मुलींना मीच ऐकवते. आणि काल पाच मिनिटांत मोडला, कारण माणूस समोर दुखावलेला बसला होता आणि मला माझी चूक पुसायची होती.

फोन ठेवल्यावर भांडी घासली. आपटून.

विलास पेपरातून म्हणाला, "घरात आपण पंचशील म्हणतो आणि तू पत्ते मांडतेस. एक दिवस हे होणारच होतं." म्हटलं, मी भविष्य सांगत नाही. "मग काय सांगतेस?" काय सांगते मी?

१३ जानेवारी, मंगळवार

रश्मीजींना फोन. दिल्लीत असतात, त्यांच्याकडेच शिकले, ऑनलाइन. फोटो पाठवला होता. वाटलं होतं, त्या एक अर्थ ठरवून देतील आणि मी सुटेन.

"पहले जगह देखो, फिर पड़ोसी, फिर चेहरे. तुमने सबसे पहले क्या देखा?"

"उसकी नौकरी," मी म्हटलं.

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यांनी एकेक करून घेतलं. जागा: पान 'बाहेरून' या जागेवर असतं तर पैसा, काम, परिस्थिती असं आधी बघायचं. 'तो' किंवा 'ती' या जागेवर असतं तर त्या एकाचं मन. पण ते मध्ये आहे, म्हणजे दोघांचं, आणि दोघांचं एकच असेल असं नाही. शेजारी: मोजले. पेंटॅकल्स, म्हणजे पैसा नि काम, तीन; कप्स, म्हणजे मन नि नाती, तीन; स्वोर्ड एक. मोठ्या बावीस पानांमधलं एकही नाही, म्हणजे गोष्ट नशिबाची वगैरे नाही, रोजच्या जगण्यातली. तिची दोन्ही पानं पेंटॅकल्स, त्याची दोन्ही कप्स. तिच्या बाजूने बघितलं तर मधलं पान पैशाचं. त्याच्या बाजूने बघितलं तर एकटं पडण्याचं.

"तो सही कौन सा है?"

"तुम किसके साथ बैठी थीं?"

पहिल्यांदा तिच्या बाजूला बसले, दुसऱ्यांदा त्याच्या. दोन्ही वेळा अर्धं पान वाचलं आणि पूर्ण वाचल्यासारखं बोलले. राग येतोय. रश्मीजींचापण येतोय, सरळ सांगत नाहीत. पाचचा आकडा म्हणजे बसलेली घडी विस्कटणं, एवढं तर मला पाठ आहे. विस्कटली कोणाकडून, हे आकडा सांगत नाही.

चेहऱ्यांचं विचारायचं राहिलं. त्यांचा दुसरा फोन आला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गच्चीवर अख्खी कॉलनी, स्पीकर, "वो काटा, वो काटा." समीक्षाच्या बोटाला मांजा लागला, पट्टी बांधली तरी खाली यायला तयार नाही. तिळाचे लाडू यंदा जरा कडकच झाले.

ऊन चांगलं होतं. विलासला सुट्टी. मी गच्चीच्या कोपऱ्यात पान घेऊन बसले होते, तर तो शेजारी येऊन बसला. हेच का ते, म्हणाला. पहिल्यांदा हातात घेतलं त्याने. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"या माणसाच्या गळ्यात घंटी कशाला? गुरांना बांधतात तशी."

सांगितलं, जुन्या काळी तिकडे महारोग्याला घंटा बाळगायला लावायचे. वाजली की लोक बाजूला व्हायचे.

विलास बराच वेळ पान धरून होता. "म्हणजे हा गरीब आहे म्हणून बाहेर नाही. लोकांनी बाहेर ठेवलाय." मग म्हणाला, "आपल्याला हे कोणी शिकवायला नको."

त्याच्या आजोबांच्या गोष्टी माहीत आहेत मला.

थोड्या वेळाने: "आणि ही बाई? हिच्या पायात काही नाही, अंगावर फाटकी शाल. हिला तर थंडीच मारतेय. ही खाली बघतेय, तो वर बघतोय. एवढं एकत्र चाललेत, एकमेकांकडे का बघत नाहीत?"

चेहरे. न शिकलेल्या माणसाने तिसरी पायरी दाखवली. मला आनंद व्हायला हवा होता, आली चीड. मी किती वेळा हे पान बघितलंय!

पान परत देताना म्हणाला, "रविवारी तुझे लोक आले की मी स्वयंपाकघरात बसून जेवतो, ते माहितीये ना तुला?" आणि लगेच समीक्षाची मांज्याची चकरी धरायला उठून गेला. उत्तरसुद्धा घेतलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

दोघांना एकच मेसेज लिहिला, एकाच ग्रुपवर, म्हणजे पुन्हा अपरोक्ष नको. चार वेळा खोडला. शेवटी:

"मी दोन वेळा अर्धवट सांगितलं आणि दोन्ही वेळा तुमचं नुकसान केलं. रविवारी दोघं या. नवीन पानं काढणार नाही. फी नाही. यायचंच नसेल तरी समजेन."

दोघांनी वाचला. उत्तर नाही.

संध्याकाळी एक मारवाडी काकू आल्या, सुनेचं विचारायला. सून आलेली नव्हती. म्हटलं, तिला घेऊन या. नाराज होऊन गेल्या. जाऊ देत.

१८ जानेवारी, रविवार

आले. स्कूटरवरून नाही, दोघं वेगवेगळ्या ऑटोने. तो दुर्गापुऱ्याहून, मित्राकडे राहतोय गुरुवारपासून. ती घरून.

विलासचं ताट आज बाहेरच्या टेबलावर वाढलं होतं. तो म्हणाला, राहू दे, पोरांना बसू दे. ताट उचलून आत गेला. लागेल ते मीच वाढून घेतो म्हणाला.

चहा नाही, चिवडा नाही. एकच पान टेबलावर ठेवलं. म्हटलं, "आज मी काही वाचणार नाही. हे चित्र नीट बघा. बर्फ, खिडकी, दोन माणसं. पुढे चालणारी बाई, मागे कुबड्यांवरचा माणूस, त्याच्या गळ्यात घंटा." घंटा कशासाठी तेही सांगितलं. "आता तुम्ही यात कोण, ते दाखवा. बोलू नका, बोट ठेवा. बाई की पुरुष असं बघू नका."

मला खात्री होती. केतकी पुढच्या बाईवर बोट ठेवणार, कष्ट ओढणारी, अनवाणी. अनिकेत मागच्यावर. मग मी म्हणणार होते, बघा, दोघांचं दुःख वेगळं आहे, दोन्ही खरी आहेत. वाक्यं पाठ करून ठेवली होती.

अनिकेतने मागच्या माणसावर बोट ठेवलं.

केतकीनेसुद्धा. त्याच माणसावर. त्याच्या बोटाला तिचं बोट लागलं, तिने मागे घेतलं, पुन्हा तिथेच ठेवलं.

अनिकेत म्हणाला, "तू? तू कशी?"

"का? तूच एकटा मागे राहिलायस का?" केतकीचा आवाज चढला. "ऑक्टोबरपासून मी तुला एकही गोष्ट विचारू शकत नाही. ऑफिसात काय झालं सांगितलं की तुझा चेहरा पडतो. सांगितलं नाही की म्हणतोस लपवते. प्रमोशन मिळालं त्या दिवशी मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसले होते, घरी कसं सांगायचं म्हणून. माझ्याच घरात मी येतेय हे कळायला नको, अशी चालते मी. घंटा माझ्या गळ्यात आहे."

तो म्हणाला, "प्रमोशन कधी मिळालं?"

खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता.

"नोव्हेंबरात," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पाठ केलेलं सगळं निरुपयोगी. तोंडातून निघालं ते एवढंच, "तुम्ही दोघंही मागे. मग पुढे चालतंय कोण?"

प्रश्न विचारून मला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं. अजून नाही.

अनिकेत म्हणाला, "बेंगळुरूला नाही म्हण." केतकी म्हणाली, "मला जायचंय. पैशासाठी नाही, मला जायचंय अनिकेत. हे मी कार्डाच्या नावावर खपवलं." तो उठला. ती बसून राहिली. मग तीही उठली. दारात चपला घालताना तो तिच्यासाठी थांबला की जिना अंधारा म्हणून थांबला, कळलं नाही.

खाली जाऊन दोघं एकाच ऑटोत बसले की वेगवेगळ्या, ते बघायला मी गॅलरीत गेले तोपर्यंत गल्ली रिकामी.

१९ जानेवारी, सोमवार

डोकं दुखतंय. कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

वहीत ४ तारखेच्या नोंदीखाली लाल पेनने लिहिलं: "पैसा? – हो, पण निमित्त म्हणून. एकटं पडणं? – हो, दोघांचंही. कोणाचं जास्त, हे पान सांगत नाही. मी सांगितलं." शेवटचे दोन शब्द अधोरेखित केले.

तिला जायचंच होतं, हे समीक्षा पहिल्या दिवशीच बोलली होती. मी ऐकलं नाही, कारण ती पंधरा वर्षांची आहे आणि मी शिकलेली.

पुढचा आठवडा बुकिंग घेणार नाही. विलासला सांगितलं, रविवारी बाहेरच्या टेबलावर जेवायचं, तिघांनी. म्हणाला, बघू, ड्यूटी लागली नाही तर.

२३ जानेवारी, शुक्रवार

काही नाही. ग्रुपवर शेवटचा मेसेज माझाच.

समीक्षाने विचारलं, "मम्मी, तू आता बंद करणार का हे?" म्हटलं, माहीत नाही. "बंद नको करू. फक्त मतलब, लोकांचं आधी ऐकत जा." ऐकलं होतं गं. आधीच ऐकलं, तीच तर चूक. की फक्त एकाचं ऐकलं, ती चूक?

रश्मीजींना चेहऱ्यांबद्दल विचारणार होते. नाही विचारलं.

२७ जानेवारी, मंगळवार

दुपारी केतकीचा फोन. मी गहू निवडत बसले होते. आवाज शांत होता, थकलेला.

"ताई, अनिकेत घरी आलाय परवा. बाहेरच्या खोलीत झोपतो."

बरं, म्हटलं.

"तुम्ही विचारलं होतं ना, पुढे कोण चालतंय. त्याचं उत्तर पानात असतं का?"

"नसतं."

"मग आम्ही काय करायचं?"

जिभेवर चार वाक्यं आली. गिळली. मग विचारलं, "तिकीट कधीचं आहे?"

"शुक्रवारचं."

"एकाचं की दोघांचं?"

"एकाचं. मी... मी विचारलंच नाही त्याला. तो येणार नाही असं मीच..." मग घाईने म्हणाली, "ताई, एक मिनिट धरा हं."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. पावलं. दार. "अनिकेत," तिची हाक लांबून, आणि मग त्याचा आवाज, काय म्हणाला ते कळलं नाही. मग तिचा. मग पुन्हा त्याचा, जरा मोठा. भांडण की दुसरं काही, नाही कळलं.

मी फोन कानाला लावून बसले होते. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये हे कळत होतं. तरी चार-पाच मिनिटं बसले. ती परत आली नाही. शेवटी मीच बंद केला, आणि परत लावला नाही.